तीनशेला दहा, चारशेला ऐंशी

फिट येणाऱ्या एका रुग्णाला रोज ३०० मिलिग्रॅम फेनिटॉइन चालू आहे. त्याच्या रक्तात या औषधाची पातळी लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. फिट अजून पूर्ण थांबलेल्या नाहीत, म्हणून डोस वाढवून रोज ४०० मिलिग्रॅम केला. आता पातळी कुठे जाऊन स्थिरावेल?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजी शिकताना असा प्रश्न हमखास समोर येतो. शाळेतले त्रैराशिक सांगते की ३०० ला १०, तर ४०० ला १३.३. उत्तर पटण्यासारखे आहे, कारण बहुतेक औषधांच्या बाबतीत ते बरोबरच असते. फेनिटॉइनच्या बाबतीत मात्र, साठ किलो वजनाच्या एका नमुन्यादाखल घेतलेल्या माणसात, हा आकडा ८० च्या घरात जातो. उपचारासाठी हवी असलेली पातळी १० ते २० असते. ऐंशीच्या वाटेवर असलेला माणूस त्याच्या खूप आधीच चालता न येणाऱ्या, गुंगीत पडलेल्या अवस्थेत रुग्णालयात पोचलेला असतो.

डोस एक तृतीयांशाने वाढला आणि पातळी आठपट झाली. हे गणित एका रुग्णाचे असले तरी त्यामागचे कारण सगळ्यांच्या यकृतात सारखेच आहे, आणि ते समजायला आधी साध्या औषधांचा निचरा कसा होतो ते पाहावे लागते.

पॅरासिटामॉलची गोळी घेतली की ते रक्तात उतरते आणि यकृत त्याचे रूपांतर करायला लागते. नेहमीच्या डोसला त्याचे अर्धायुष्य साधारण दोन ते तीन तासांचे असते. म्हणजे आत्ता रक्तात जेवढे असेल त्याचे निम्मे तेवढ्या वेळात जाते, मग उरलेल्याचे निम्मे जायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे साडेबारा. पहिल्या टप्प्यात ५० गेले आणि तिसऱ्यात जेमतेम साडेबारा, म्हणजे गेलेले प्रमाण तेच राहिले आणि वजन दरवेळी कमी होत गेले. औषध जास्त असेल तेव्हा शरीर जास्त वेगाने काढते, कमी असेल तेव्हा सावकाश. याला फर्स्ट ऑर्डर म्हणतात. यात डोस दुप्पट केला की पातळी दुप्पट होते, आणि सुरुवातीपासून साधारण चार-पाच अर्धायुष्ये गेली की ती स्थिरावते. डोस कितीही असो, हा हिशोब बदलत नाही, म्हणून डॉक्टरांना तो डोळे झाकून वापरता येतो.

झिरो ऑर्डरमध्ये प्रमाण नव्हे, वजन ठरलेले असते. रक्तात १०० असो की ४०, तासाला २० म्हणजे २०. मग आकडे १००, ८०, ६०, ४० असे उतरतात. साध्या आलेख कागदावर ही रेषा सरळ दिसते. फर्स्ट ऑर्डरची रेषा साध्या कागदावर वाकते आणि लॉग कागदावर सरळ होते. परीक्षेत आकड्यांची रांग किंवा आलेख दिला असेल तर पाहायचे ते एवढेच: लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी सारखी येते की भागाकार. वजाबाकी सारखी आली तर झिरो, भागाकार सारखा आला तर फर्स्ट.

इथवर विद्यार्थी आरामात येतात. पुढे त्यांच्या हाती एक यादी ठेवली जाते: अल्कोहोल, फेनिटॉइन, ॲस्पिरिन आणि आणखी दोन-चार नावे, ही झिरो ऑर्डरची औषधे. पाठांतरासाठी इंग्रजी आद्याक्षरांचे शब्दही तयार आहेत. माझा आक्षेप या यादीलाच आहे. ती वाचून असे वाटते की झिरो ऑर्डर हा औषधाचा जन्मजात गुण आहे, जसा एखाद्याचा रक्तगट असतो. तसे नाही. एकच औषध एका पातळीला फर्स्ट ऑर्डरने आणि दुसऱ्या पातळीला झिरो ऑर्डरने जाऊ शकते. ठरते ते यावर की यकृतातली एन्झाइम्स त्या क्षणी किती भरलेली आहेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा खालापूरचा टोलनाका पहाटे चार वाजता पाहा. गाड्या तुरळक असतात, बूथ रिकामे असतात. तासाला ५० गाड्या आल्या तर ५० सुटतात, १०० आल्या तर १००. शुक्रवारी संध्याकाळी तोच नाका, तेवढेच बूथ, पण मागे किलोमीटरभर रांग. आता रांगेत आणखी २०० गाड्या येऊन उभ्या राहिल्या तरी तासाला सुटणाऱ्या गाड्यांची संख्या वाढत नाही, फक्त रांग वाढते. नाका बदललेला नाही, बदलली ती गर्दी.

एन्झाइमचे हे वागणे लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली बर्लिनमध्ये साखर फोडणाऱ्या एका एन्झाइमवर काम करताना समीकरणात मांडले. औषधांच्या निचऱ्याला तेच समीकरण लागू पडते:

```
v = Vmax × C / (Km + C)
```

यात v म्हणजे निचऱ्याचा वेग आणि C म्हणजे रक्तातली पातळी. व्हीमॅक्स म्हणजे सगळी एन्झाइम्स कामाला जुंपली असताना शरीर दिवसाला जास्तीत जास्त किती औषध काढू शकते ती मर्यादा. केएम म्हणजे ज्या पातळीला हा वेग मर्यादेच्या बरोबर निम्मा असतो ती पातळी. पातळी केएमच्या मानाने अगदी कमी असेल तर खालच्या बेरजेत केएमच उरतो आणि वेग पातळीच्या प्रमाणात चालतो: फर्स्ट ऑर्डर. पातळी केएमच्या खूप वर असेल तर वरचा C आणि खालचा C जवळजवळ कटतात, हातात फक्त व्हीमॅक्स राहतो: झिरो ऑर्डर. समीकरण एकच, त्याची ही दोन टोके. म्हणून कोणत्याही औषधाबद्दल विचारायचा प्रश्न हा की त्याचा केएम किती आणि आपण त्याला कोणत्या पातळीवर वापरतो.

अल्कोहोलचा मुख्य निचरा यकृतातल्या अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या एन्झाइमने होतो, आणि त्याचा केएम फार खाली आहे, रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे साधारण २ ते १० मिलिग्रॅम. एक-दोन पेग घेतले की रक्तातली पातळी त्याच्या कितीतरी वर जाते. या एन्झाइमला कामासाठी एनएडी नावाचा सहायक रेणू लागतो, आणि वापरलेला एनएडी पुन्हा तयार होण्याचा वेगही मर्यादित असतो. त्यामुळे माणूस पिऊ लागला की थोड्याच वेळात एन्झाइम भरून जाते आणि निचरा ठरल्या गतीने चालू राहतो. स्वीडनमधले लुंड विद्यापीठातले एरिक विडमार्क यांनी बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून अल्कोहोल मोजण्याची पद्धत बसवली आणि १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात हा सरळ रेषेतला उतार मांडला. न्यायवैद्यकशास्त्र आजही त्यांचेच सूत्र वापरते. उताराचा वेग माणसागणिक बदलतो, पण हिशोबाला १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅम हा आकडा धरतात.

एकतीस डिसेंबरची रात्र घेऊ. सत्तर किलोच्या एका माणसाने व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, संपवली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते, म्हणजे आत ७७ मिलिलिटर अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन भरते सुमारे ६१ ग्रॅम. विडमार्कच्या सूत्रात पुरुषाच्या वजनाला ०.६८ ने गुणतात, कारण अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरते, चरबीत जवळजवळ नाही. ६१ ग्रॅमला ४७.६ ने भागले की पातळी येते १०० मिलिलिटरमागे साधारण १२८ मिलिग्रॅम. सोयीसाठी असे धरू की रात्री १२ वाजता ती एवढी आहे.

आता फर्स्ट ऑर्डरची सवय असलेला विद्यार्थी एखादे अर्धायुष्य मनात धरतो, समजा दोन तासांचे. मग दोनला ६४, चारला ३२, सहाला १६. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम. या हिशोबाने पहाटे सव्वाचारच्या आतच गाडी चालवायला मोकळीक. प्रत्यक्षात सहा तासांत १५ गुणिले ६, म्हणजे ९० मिलिग्रॅम गेले आणि सकाळी सहा वाजता पातळी आहे ३८. झोप झाली, तोंड धुतले, चहा झाला, आणि माणूस कायद्याच्या मर्यादेच्या वर. शून्यावर यायला साडेआठ वाजतात. ज्याचा उतार तासाला १० चा आहे त्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि आपला उतार किती आहे हे कोणालाच पिताना माहीत नसते. म्हणून या गणितावर विसंबून कोणी सकाळच्या गाडीची वेळ ठरवू नये. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी यांनी पोट किंवा डोके हलके वाटेल, पण भरलेल्या एन्झाइमचा वेग त्यांनी वाढत नाही.

याच उदाहरणात अर्धायुष्य शोधून पाहा. १२८ वरून ६४ वर यायला सव्वाचार तास लागले. ६४ वरून ३२ वर यायला फक्त दोन तासांच्या थोडे वर. झिरो ऑर्डरमध्ये अर्धायुष्य सुरुवातीच्या पातळीवर अवलंबून असते. जास्त प्यालेल्याचे ते लांबते. म्हणून ‘अल्कोहोलचे अर्धायुष्य किती’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही, आणि पर्यायांमध्ये तसा आकडा दिला असेल तर तो सापळा असतो. पातळी १५-२० च्या खाली आली की एन्झाइम हळूहळू रिकामे होऊ लागते आणि शेवटचा उतार फर्स्ट ऑर्डरकडे वळतो. यादीत ‘झिरो ऑर्डरचे औषध’ म्हणून पहिल्या क्रमांकावर असलेले अल्कोहोलसुद्धा शेवटाला रांग बदलते. पण तोवर कोणालाही त्याची फारशी फिकीर नसते, कारण जिथे अल्कोहोल धोक्याचे असते तिथे ते जवळजवळ पूर्ण झिरो ऑर्डरमध्येच असते.

फेनिटॉइनचे तसे नाही, आणि इथेच खरी गोम आहे.

हा रेणू १९०८ साली हाइनरिश बिल्ट्झ यांनी जर्मनीत तयार केला होता, पण तो तीस वर्षे पडून राहिला. १९३८ साली बोस्टनमध्ये ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेच्या धक्क्याने फिट आणून तपासलेल्या अनेक रेणूंमध्ये तो उठून दिसला: फिट थांबतात आणि फेनोबार्बिटोनसारखी झोप येत नाही. भारतात आजही तो अपस्माराच्या स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या औषधांपैकी एक आहे. यकृतात त्याचे रूपांतर मुख्यतः सीवायपी२सी९ या एन्झाइमने होते. त्याचा केएम लिटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅम, आणि उपचाराची पातळी १० ते २०. म्हणजे आपण हे औषध नेमके अशा पट्ट्यात वापरतो जिथे एन्झाइम बरेच भरलेले असते पण पूर्ण भरलेले नसते. पातळी १० असताना वेग मर्यादेच्या ७१ टक्के असतो, २० असताना ८३ टक्के. अल्कोहोल पहिल्या तासातच भिंतीला टेकलेले असते. फेनिटॉइन भिंतीजवळ उभे असते, आणि डोसचा प्रत्येक छोटा धक्का त्याला आणखी जवळ ढकलतो.

आता सुरुवातीच्या रुग्णाचा हिशोब करू. साठ किलो वजन, किलोमागे दिवसाला ७ मिलिग्रॅम म्हणजे व्हीमॅक्स ४२०, केएम ४. पातळी स्थिर झाली याचा अर्थ रोज जेवढे पोटात जाते तेवढेच रोज बाहेर पडते. वरच्या समीकरणात v च्या जागी रोजचा डोस R ठेवून उलटवले की स्थिर पातळी मिळते:

```
C = Km × R / (Vmax − R)
```

रोज २०० दिले तर पातळी ३.६. ३०० दिले तर १०. ३५० दिले तर २०. ३७५ दिले तर ३३. ४०० दिले तर ८०. ४२० किंवा त्याहून जास्त दिले तर छेदात शून्य किंवा उणे आकडा येतो. याचा अर्थ पातळी कधीच स्थिरावत नाही, डोस चालू असेपर्यंत चढतच राहते. ३०० ते ३५० या पन्नास मिलिग्रॅममध्ये पातळी दुप्पट झाली, पुढच्या पन्नासात चौपट. खरा रुग्ण या आकड्यांना अगदी तंतोतंत बसत नाही. केएम आणि व्हीमॅक्स दोन्ही माणसागणिक बदलतात, आणि सीवायपी२सी९ चे जनुकच कमी काम करणारे असलेल्या माणसात भिंत खूप आधी लागते. पण वक्राचा आकार सगळ्यांचा हाच असतो.

४०० सुरू केलेल्या रुग्णाकडे दिवसांच्या हिशोबाने पाहा. हे औषध शरीरात किलोमागे ०.७ लिटर एवढ्या जागेत पसरते असे धरले तर १० वरून २० वर जायला सहा दिवस लागतात. तिथे थांबत नाही. अडीच आठवड्यांच्या सुमारास ३०, पाचव्या आठवड्यात ४०. ऐंशीच्या जवळ जायला कित्येक महिने लागले असते. फर्स्ट ऑर्डरच्या औषधात डोस कितीही असला तरी स्थिर व्हायला लागणारा वेळ तोच राहतो. इथे डोस वाढला की तो वेळही लांबतो. याच माणसात रोज ३०० ने सुरुवात केली तर स्थिर पातळीच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला आठ दिवस, ३५० ने तीन आठवडे, ३७५ ने सात आठवड्यांहून जास्त. म्हणून डोस वाढवल्यावर आठवड्याने केलेली रक्ततपासणी खोटा दिलासा देते. अहवालात १९-२० दिसते, सगळ्यांना बरे वाटते, आणि पातळी आत चढतच असते.

ती चढल्याचे कळते डोळ्यांवरून. रुग्णासमोर बोट धरून ते बाजूला नेले आणि डोके न हलवता नजर त्यावर ठेवायला सांगितले की बुबुळे कडेला गेल्यावर थरथरतात, बारीक झटक्यांनी परत येतात. साधारण २० च्या वर हे दिसू लागते. ३० च्या वर चाल बिघडते: पाय लांब टाकून, भिंतीचा आधार घेत चालणे, जीभ जड, बोलणे लडबडणारे. ४० च्या वर गुंगी आणि गोंधळ. या टप्प्यावर घरच्यांना तो दारू प्यालाय असे वाटू शकते, आणि ज्याला पूर्वी पिण्याची सवय होती त्याच्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही. त्याहून वाईट म्हणजे फार चढलेल्या पातळीला फिट उलट वाढूही शकतात. ते पाहून औषध कमी पडतेय असे समजून डोस आणखी वाढवला तर काय होईल हे वरच्या आकड्यांत दिसतेच आहे.

डोस कोणी न वाढवताही हे घडू शकते. १९६८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात वर्षानुवर्षे त्याच डोसवर ठीक असलेले अपस्माराचे रुग्ण डॉक्टरांकडे चक्कर, तोल जाणे, अंधुक दिसणे अशा तक्रारी घेऊन येऊ लागले. रक्तात फेनिटॉइनची पातळी विषारी होती. शोध घेतल्यावर कळले की कॅप्सूलमध्ये औषध तेवढेच होते, पण भरण म्हणून वापरले जाणारे कॅल्शियम सल्फेट काढून त्याऐवजी लॅक्टोज घातले होते. कॅल्शियम सल्फेट आतड्यात औषधाचा काही भाग शोषू देत नव्हते. लॅक्टोज आल्यावर तो भाग रक्तात जाऊ लागला. १९७० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा प्रसंग सविस्तर छापून आला. आपल्या नमुन्यातल्या माणसात रोज ३०० ऐवजी ३७५ शोषले जाऊ लागले तर पातळी १० वरून ३३ वर जाते. फर्स्ट ऑर्डरच्या औषधात तीच वाढ १० वरून साडेबारावर थांबली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

अशीच एक बारीक गोष्ट गोळी आणि पातळ औषध यांच्यात आहे. गोळ्या-कॅप्सूलमध्ये बहुधा फेनिटॉइन सोडियम असते, आणि त्याच्या १०० मिलिग्रॅममध्ये खरे फेनिटॉइन ९२. पातळ औषधात मात्र बहुधा शुद्ध फेनिटॉइन असते. गिळता येत नाही म्हणून रोज ३५० च्या गोळ्यांवरून तेवढ्याच मिलिग्रॅमच्या पातळ औषधावर आणलेला माणूस जवळपास नऊ टक्के जास्त औषध घेऊ लागतो. आपल्या समीकरणात ३२२ ला १३ आणि ३५० ला २०.

भारतात आणखी एक वाट आहे, क्षयरोगाची. मेंदूत क्षयाची गाठ झाली की फिट येतात, आणि मग एकाच माणसाला फेनिटॉइन आणि आयसोनियाझिड दोन्ही सुरू होतात. आयसोनियाझिड फेनिटॉइन मोडणाऱ्या एन्झाइमला आवर घालते, आणि ज्यांचे शरीर आयसोनियाझिडचा निचरा सावकाश करते त्यांच्यात हा आवर जास्त असतो. समजा त्यामुळे व्हीमॅक्स ४२० वरून ३४० वर आला. डोस तोच ३०० आहे, पण आता छेद १२० ऐवजी ४० झाला आणि पातळी १० वरून ३० वर गेली. रिफॅम्पिसिन सोबत असेल तर ते एन्झाइम वाढवून उलट दिशेने ओढते, आणि दोघांच्या रस्सीखेचीत कोण जिंकेल हे त्या रुग्णाचे रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही. अशा रुग्णात क्षयाची औषधे सुरू करताना आणि थांबवतानाही फेनिटॉइनची पातळी पाहिली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. अंदाजाने चालण्याएवढी जागा या औषधात नाही. आणि अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: फेनिटॉइनचा नव्वद टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. कुपोषण किंवा यकृताच्या आजाराने अल्ब्युमिन घसरलेले असेल तर एकूण पातळी नेहमीची दिसते आणि मोकळे, काम करणारे औषध जास्त असते.

पातळी चढली म्हणून औषध थांबवले तर उतारही याच समीकरणाने होतो. नमुन्यातल्या माणसात ४० वरून २० वर यायला सव्वादोन दिवस लागतात, २० वरून १० वर यायला सव्वा दिवस, १० वरून ५ वर यायला दिवसही नाही. अर्धायुष्य उतरताना आखूड होत जाते. म्हणून विषबाधेनंतर ‘अजून जास्तच असेल’ असे म्हणत औषध फार दिवस बंद ठेवले तर शेवटी पातळी झपकन खाली येते आणि फिट परततात. औषध पुन्हा केव्हा सुरू करायचे ते रोजच्या तपासणीवरून ठरवावे लागते.

परीक्षेतला अवघड समजला जाणारा प्रश्न या सगळ्याचा उपयोग करतो: रोज ३०० वर स्थिर पातळी १०, रोज ३५० वर २०, पातळी १५ हवी असेल तर डोस किती? विद्यार्थी मधला आकडा म्हणून ३२५ लिहितो. बरोबर रीत अशी. दोन्ही वेळी डोसला पातळीने भागा: ३० आणि १७.५. डोसांतला फरक ५०, भागाकारांतला फरक १२.५, आणि ५० ला १२.५ ने भागले की केएम मिळतो ४. पहिल्या डोसमध्ये केएम गुणिले ३० मिळवले की व्हीमॅक्स येतो ४२०. मग १५ च्या पातळीला वेग म्हणजे ४२० गुणिले १५ भागिले १९, जवळपास ३३२ मिलिग्रॅम. पण ३३२ ची गोळी नसते. शंभरच्या तीन आणि पन्नासची अर्धी दिली तर ३२५ होतात आणि पातळी येते १३.७. पन्नासची पूर्ण दिली तर ३५०, आणि तिथे २० हे माहीतच आहे. वॉर्डातला अनुभवी डॉक्टर ३०० च्या पुढे २५-३० मिलिग्रॅमहून मोठे पाऊल टाकत नाही, पुढची तपासणी निदान तीन आठवड्यांनी, सकाळचा डोस घेण्याआधी करायला सांगतो, आणि मध्ये रुग्ण भेटला की त्याच्या डोळ्यांसमोरून बोट फिरवून पाहतो.